सॅटेलाइट फुगलं, आता काय करू?

प्रश्न : मी 43 वर्षांचा, साताऱ्यात एमआयडीसीतल्या कंपनीत नोकरी. शेअर बाजारातली एकूण गुंतवणूक आज 34 लाख. त्यातले 29 लाख 65 हजार हे माझं कोअर : 17 लाख 65 हजार निफ्टी 50 इंडेक्स फंडात, 12 लाख फ्लेक्सिकॅप फंडात. अडीच वर्षांपूर्वी सॅटेलाइट, म्हणजे कोअरच्या बाजूचा जोखमीचा छोटा वाटा, म्हणून 3 लाख बाजूला काढले. 1 लाख स्मॉलकॅप फंडात घातले, त्याचे आज 1 लाख 30 हजार आहेत. उरलेल्या 2 लाखांत चार छोट्या कंपन्यांचे प्रत्येकी 50 हजारांचे शेअर घेतले. पहिली 400 ला घेतली, आज 1,680 आहे (125 शेअर). दुसरीचे 55 हजार, तिसरीचे 28 हजार उरलेत. चौथी 80 ला घेतली, आता 19.20 आहे (625 शेअर) आणि रोज लोअर सर्किट, म्हणजे दिवसाची खालची मर्यादा, लागतं. मेहुणे म्हणतात, चौथीत अजून 50 हजार घालून अ‍ॅव्हरेज कर. ऑफिसातले म्हणतात, पहिली विकून टाक. शिवाय सगळे म्हणतात सॅटेलाइटला 10 टक्के म्हणजे काहीच नाही, 20 टक्के कर. कोणाचं ऐकू?
— एक वाचक, सातारा

उत्तर : चौथ्या कंपनीपासून सुरुवात करतो, कारण बाकीचे निर्णय महिनाभर थांबले तरी चालतील, हा थांबणार नाही.

तुमच्या ब्रोकरच्या अ‍ॅपवर त्या शेअरची मार्केट डेप्थ उघडा. डावीकडे खरेदीदारांचा रकाना असतो, उजवीकडे विकणाऱ्यांचा. लोअर सर्किट लागलेल्या शेअरमध्ये डावा रकाना रिकामा असतो आणि उजवीकडे एकाच भावाला हजारो, कधी लाखो शेअर विक्रीला लागलेले असतात. म्हणजे 19.20 हा तुमचा भाव नाहीच. कोणीतरी काही शेअर त्या भावाला घेतले, एवढाच त्याचा अर्थ. एक्स्चेंजने त्या शेअरला 5 टक्क्यांची मर्यादा घातली असेल तर उद्याचा खालचा भाव 18.24, परवाचा त्याहून 5 टक्के खाली. असे दहा दिवस गेले तर आजच्या शंभराचे साठ उरतात, वीस दिवस गेले तर छत्तीस. आणि या सगळ्या दिवसांत तुमचा एकही शेअर विकला न जाण्याची शक्यता असते.

विकायचंच असेल तर रांगेचा नियम समजून घ्या. एकाच भावाला अनेक विक्रेते असले की ज्याची ऑर्डर आधी पोचली त्याचा नंबर आधी लागतो. दुपारी जेवणाच्या सुटीत ऑर्डर टाकणारा रांगेच्या शेपटाला उभा राहतो. म्हणून रात्रीच आफ्टर मार्केट ऑर्डर टाकून ठेवा, दुसऱ्या दिवशीच्या खालच्या मर्यादेच्या भावाची. ती सकाळी प्री-ओपन सुरू होताच एक्स्चेंजकडे जाते. डीमॅटमधून शेअर देण्याची मंजुरी, म्हणजे टीपिन आणि ओटीपीचं काम, आधी उरकून ठेवा. नाहीतर नेमका ज्या दिवशी खरेदीदार येतो, त्याच दिवशी मंजुरी नाही म्हणून ऑर्डर परत येते. शेअर ट्रेड-टू-ट्रेडमध्ये टाकला आहे का, देखरेखीच्या यादीत आहे का, हे एक्स्चेंजच्या साइटवर कंपनीच्या पानावरच दिसतं. तसं असेल तर त्यात इंट्राडे व्यवहार होत नाहीत, आणि रोजची उलाढाल आणखी आटते.

आता मेहुण्यांचं अ‍ॅव्हरेजिंग. त्यांचा हिशेब कागदावर मोहक आहे. आज 12 हजारांचे 50 हजार व्हायला शेअर चौपटीहून जास्त वाढावा लागेल. आणखी 50 हजार घातले की एकूण खर्च 1 लाख, हातात 62 हजार, आणि मुद्दल निघायला फक्त 61 टक्के वाढ पुरते. पण मुद्दल निघण्यासाठी लागणारी वाढ कमी झाली म्हणून ती वाढ होण्याची शक्यता काही वाढली नाही. शिवाय ते 50 हजार येणार कुठून? कोअरमधून, किंवा कोअरमध्ये जायच्या पगारातून. इथेच सॅटेलाइटची सगळी शिस्त मोडते. या कंपनीत तुमचं नुकसान 50 हजारांच्या पुढे जाऊच शकत नव्हतं, कारण तुम्ही तेवढेच घातले होते. सॅटेलाइटमध्ये संरक्षण असं एवढंच असतं. प्रत्येक पडझडीला नवे 50 हजार घालायची सवय लागली की ते संरक्षणही गेलं.

म्हणून चौथीत एक रुपयाही नको. खरेदीदार मिळेल तेव्हा बाहेर पडा. 12 हजार मिळतील, 9 मिळतील, जे मिळतील ते कोअरमध्ये टाका.

पहिल्या कंपनीबद्दल तुमचे ऑफिसातले अर्धे बरोबर आहेत.

चारही कंपन्यांचा हिशेब एकत्र मांडून बघा. 2 लाखांचे आज 3 लाख 5 हजार झालेत. आता त्यातून पहिली बाजूला काढा. उरलेल्या तिघींत घातलेल्या दीड लाखांचे 95 हजार उरलेत. म्हणजे तुमचा सगळा नफा एका कंपनीतून आला आणि तिने बाकीच्यांचा तोटाही भरून काढला. हे तुमच्याच नशिबी आलेलं नाही. छोट्या कंपन्यांत बहुतेक वेळा असंच होतं : दोन बुडतात, एक जागेवर राहते, एक पळते. जी पळते तिला पहिल्याच दुपटीला विकणाऱ्याच्या हातात शेवटी फक्त बुडणाऱ्या उरतात. म्हणून पहिली पूर्ण विकू नका.

पण आज ती एकटी 2 लाख 10 हजारांची आहे, तुमच्या एकूण 34 लाखांच्या 6 टक्क्यांहून जास्त. एका छोट्या कंपनीसाठी हे फार होतं. तिचा एक मोठा ग्राहक तुटला, एका तिमाहीत ऑर्डरी लांबल्या, की चाळीस टक्के खाली यायला एक निकाल पुरतो, आणि तेव्हा तिचीही डेप्थ चौथीसारखी दिसू शकते. माझ्या मते एका छोट्या कंपनीचा वाटा एकूण गुंतवणुकीच्या 3 टक्क्यांच्या फार पुढे गेला की तिला छाटून 3 च्या आसपास आणावं. तुमच्या बाबतीत ते जवळजवळ 1 लाख होतात. 62 शेअर विका, 63 ठेवा. 1,680 च्या भावाने 1 लाख 4 हजार हातात येतील. उरलेल्या 63 ची किंमत 1 लाख 6 हजारांच्या आत-बाहेर राहील. विकलेल्या शेअरमधून तुम्ही चारही कंपन्यांत घातलेल्या मुद्दलाची निम्मी रक्कम परत आली, हे लक्षात घ्या. पुढे पहिली पुन्हा वाढून एकूण गुंतवणुकीच्या 5 टक्क्यांवर गेली, तर पुन्हा 3 पर्यंत आणा. दरम्यान रोज भाव बघू नका.

कराचं बघू. वर्षाहून जास्त काळ ठेवलेल्या शेअरवरचा नफा दीर्घकालीन धरतात. सध्याच्या नियमांनुसार एका आर्थिक वर्षात शेअर आणि इक्विटी फंड मिळून असा 1 लाख 25 हजारांपर्यंतचा नफा करमुक्त असतो, त्याहून जास्त नफ्यावर 12.5 टक्के कर. 62 शेअरवर तुमचा नफा होतो 79 हजारांच्या आसपास. याच वर्षी दुसरं काही विकलं नसेल तर कर शून्य. चौथीचा 38 हजारांचा तोटा त्याच वर्षी नोंदला गेला तर मात्र तो आधी या नफ्यातूनच वजा होतो, आणि नफा तर मुळातच करमुक्त होता, म्हणजे तोटा काही उपयोग न होता संपतो. तोटा वेगळ्या वर्षात पडला तर विवरणपत्र वेळेत भरून पुढची 8 वर्षं तो दीर्घकालीन नफ्यासमोर लावता येतो. वाचणारा कर जास्तीत जास्त 4,750 रुपये, तोही पुढे कधी करपात्र नफा झाला तर. एवढ्यासाठी चौथी धरून ठेवू नका. मार्च महिना चालू असेल आणि एक-दोन आठवड्यांचाच प्रश्न असेल, तर पहिली मार्चमध्ये विका, चौथी एप्रिलमध्ये, बस.

आता 10 की 20. इथे जरा थांबू, कारण या प्रश्नाच्या पोटात आणखी एक आकडा लपलाय.

तुमच्या मते सॅटेलाइट आज 4 लाख 35 हजार, म्हणजे एकूणच्या पावणेतेरा टक्के आहे. पण तुमच्या कोअरमध्ये 12 लाखांचा फ्लेक्सिकॅप फंड आहे. फ्लेक्सिकॅप फंडाला मोठ्या, मधल्या, छोट्या कंपन्यांत किती पैसे घालायचे याचं बंधन नसतं. व्यवस्थापकाला वाटेल तसं तो करतो. सेबीच्या वर्गवारीत बाजारमूल्यानुसार पहिल्या 100 कंपन्या लार्जकॅप, 101 ते 250 मिडकॅप आणि 251 पासून पुढे सगळ्या स्मॉलकॅप. ही यादी म्युच्युअल फंडांची संघटना अ‍ॅम्फी दर सहा महिन्यांनी काढते. तुमच्या फंडाची दर महिन्याची फॅक्टशीट उघडा, त्यात या तीन गटांतली टक्केवारी दिलेली असते. समजा तिथे स्मॉलकॅप 20 टक्के निघाले. म्हणजे 12 लाखांतले 2 लाख 40 हजार आधीच छोट्या कंपन्यांत आहेत. ते तुमच्या सॅटेलाइटमध्ये मिळवा : 6 लाख 75 हजार. सगळे ज्या 20 टक्क्यांवर जा म्हणतात, तिथे तुम्ही आजच जवळजवळ पोचलेले आहात. फक्त तुम्हाला ते माहीत नव्हतं.

कोअर-सॅटेलाइट करणाऱ्यांची सगळ्यात जास्त गफलत मी इथेच बघतो. कोअर म्हणून तीन-चार फंड घेतलेले असतात आणि त्यातला एखादा मल्टिकॅप असतो, ज्याला नियमानेच किमान 25 टक्के स्मॉलकॅपमध्ये ठेवावे लागतात. वर पुन्हा सॅटेलाइट म्हणून स्मॉलकॅप फंड. कोअर जितकं साधं, तितका सॅटेलाइटचा आकडा खरा. तुमचा निफ्टी 50 फंड या दृष्टीने उत्तम आहे, त्यात छोटी कंपनी शिरूच शकत नाही.

मग किती असावं? आधी वाटा काय देऊ शकतो ते बघू. कोअर दहा वर्षं सरासरी 12 टक्क्यांनी वाढलं असं धरू. हे धरून चाललोय, हमी कोणी देत नाही. 30 लाख सगळे कोअरमध्ये असते तर 93 लाख होतील. त्यातले 3 लाख सॅटेलाइटमध्ये घालून ते 18 टक्क्यांनी वाढले तर एकूण साडेनव्याण्णव लाखांच्या आसपास जातात, म्हणजे सहा-साडेसहा लाख जास्त. सॅटेलाइट 6 टक्क्यांवरच रखडलं तर 4 लाख कमी मिळतील. 10 टक्क्यांच्या वाट्यात एवढंच आहे. जिंकलात तर एक बऱ्यापैकी मोटारगाडी, हरलात तर निवृत्तीचं गणित बिघडत नाही. वाटा 2-3 टक्के ठेवला तर जिंकूनही काही दिसत नाही, उगाच चार कंपन्यांचे निकाल वाचत बसायचं. 20 केला तर हे दोन्ही आकडे दुप्पट होतात. पावणेतेरा टक्के तुमच्यासारख्या माणसाला जमतील की साडेसात, यावर मी वाद घालणार नाही. पण सॅटेलाइट एकूणच्या 15 टक्क्यांच्या वर नेऊ नका, आणि फ्लेक्सिकॅपमधला छुपा वाटा त्याशिवाय आहे हे मनात ठेवा.

पडझडीत काय होतं, हे लोकांना वाटतं त्यापेक्षा वेगळं आहे. मार्च 2020 मध्ये निफ्टी 50 जानेवारीच्या शिखरापासून 38 टक्के पडला. तशाच एका पडझडीत सॅटेलाइट 60 टक्के पडलं असं धरा. 10 टक्के सॅटेलाइट असेल तर 30 लाखांतले 12 लाख 6 हजार जातात. 20 टक्के असेल तर 12 लाख 72 हजार. फरक 66 हजारांचा. मोठ्या आपत्तीत मोठा मार कोअरच देतं, कारण पैसे तिथे जास्त असतात. तेव्हा सॅटेलाइट कमी ठेवलं म्हणून आपण सुरक्षित आहोत, या भ्रमात राहू नका. त्यासाठी एफडी आणि पीएफ वेगळे लागतात.

सॅटेलाइट खरं सतावतं ते दुसऱ्या प्रकारच्या वर्षात. 2018 घ्या. निफ्टी 50 वर्षभरात सुमारे 3 टक्के वाढला, निफ्टी स्मॉलकॅप 100 सुमारे 29 टक्के पडला. टीव्हीवर बाजार वर, शेजाऱ्याचा इंडेक्स फंड वर, आणि तुमचा स्मॉलकॅप रोज खाली. तेव्हा 10 टक्के सॅटेलाइटवाल्याचं वर्ष शून्याच्या आसपास गेलं, 20 टक्केवाल्याचं तीन-साडेतीन टक्के खाली. तोटा फार नाही, पण हे दुखणं लांबलं. स्मॉलकॅप 100 जानेवारी 2018 च्या शिखरापासून मार्च 2020 पर्यंत 60 टक्क्यांहून जास्त घसरला आणि ते शिखर पुन्हा दिसायला 2021 चं मध्य उजाडलं. तीन वर्षांहून जास्त. माणूस एका दिवसाच्या धक्क्याने विकत नाही, या असल्या कंटाळ्याने विकतो. आणि नेमकं नको तेव्हा विकतो. तुमची टक्केवारी ठरवायची असेल तर स्वतःला एवढंच विचारा : साडेतीन वर्षं हा वाटा निम्म्यावर पडून राहिला तर मी त्याला हात न लावता राहीन का? 4 लाखांबाबत उत्तर हो असेल, 7 लाखांबाबत नसेल, तर तुमचा आकडा 4 लाख.

त्या तीन वर्षांतून आणखी एक गोष्ट दिसते, आणि पुढचे नियम तिच्यावरच उभे आहेत. निर्देशांक परत आला. त्यातल्या सगळ्या कंपन्या परत आल्या नाहीत. निर्देशांकातल्या पडलेल्या कंपन्या दर सहामाहीला बाहेर जातात, नव्या आत येतात. शेतात कीड लागलेली रोपं उपटून नवी लावली की शेत हिरवं दिसतं, पण उपटलेलं रोप काही जगत नाही. म्हणून सॅटेलाइटमध्ये फंड आणि कंपन्या यांना एकच नियम लावू नका.

स्मॉलकॅप फंड पडला आणि सॅटेलाइट एकूणच्या 7 टक्क्यांखाली गेलं, तर कोअरच्या एसआयपीतले काही हप्ते त्या फंडाकडे वळवून तो पुन्हा भरायला माझी हरकत नाही. फंडात व्यवस्थापक रोपं उपटतो. एकट्या कंपनीत मात्र भरणा कधीच नाही. 50 हजार एकदा घातले, ते वाढले तर छाटायचे, गेले तर गेले. आणि सॅटेलाइट फुगून 15 टक्क्यांच्या वर गेलं तर ते 10 वर आणायचं, निघालेले पैसे कोअरमध्ये. हे वर्षातून एकदाच करा. पाडव्याच्या आसपास केलंत तर आर्थिक वर्षही बदलत असतं, थोडी विक्री मार्चअखेर आणि थोडी एप्रिलमध्ये करून दोन वर्षांची करमुक्त मर्यादा वापरता येते.

वर सांगितलेली पहिलीची छाटणी आणि चौथीतली सुटका झाल्यावर तुमचं सॅटेलाइट 3 लाख 19 हजारांच्या आसपास उरतं, एकूणच्या साडेनऊ टक्क्यांजवळ. म्हणजे या वर्षी आणखी काही हलवायची गरज नाही.

स्मॉलकॅप फंडाबद्दल एक सावधगिरी. त्यालाही विकायची अडचण असते, फक्त ती तुमच्या अ‍ॅपवर दिसत नाही. तुम्ही पैसे मागितले की दोन-तीन दिवसांत मिळतात, पण फंडाला ते कुठूनतरी शेअर विकूनच द्यावे लागतात, आणि घाईत तो विकायला सोपे असलेले शेअर आधी विकतो. मागे राहणाऱ्यांच्या वाट्याला अवघड शेअर उरतात. म्हणूनच मार्च 2024 पासून मिडकॅप आणि स्मॉलकॅप फंडांना दर महिन्याला जाहीर करावं लागतं की पोर्टफोलिओचा 25 टक्के आणि 50 टक्के भाग विकायला किती दिवस लागतील. पहिल्याच फेरीत एका मोठ्या फंडाने निम्म्यासाठी 60 दिवस सांगितले होते. हा आकडा अ‍ॅम्फीच्या साइटवर मिळतो. तुमच्या फंडाचा आकडा वर्षभरात सतत वाढत असेल, तर फंडात पैसे त्याला पचतील त्यापेक्षा वेगाने येताहेत असं समजा. काही फंडांनी 2023 मध्ये एकरकमी गुंतवणूक घेणंच थांबवलं होतं ते याचसाठी, आणि मला तसं थांबणारा फंड जास्त आवडतो.

आता राहिल्या दुसरी आणि तिसरी. दुसरीला काही करू नका, अडीच वर्षांत ती जागेवरच आहे हे खरं, पण जागा अडवण्यापलीकडे तिने त्रास दिलेला नाही. तिसरीवर मात्र एक शनिवार खर्च करा. 50 चे 28 हजार होणं म्हणजे वाईटच, पण ते बाजाराच्या मंदीमुळे झालं की कंपनीत काही कुजलंय, हे तपासता येतं. त्यासाठी दोन गोष्टी पुरतात.

पहिली गोष्ट वार्षिक अहवालात मिळते. गेल्या तीन वर्षांचा निव्वळ नफा एकत्र करा आणि त्याच वर्षांचा कामकाजातून आलेला रोख प्रवाह एकत्र करा. समजा नफा दर वर्षी 12 कोटी, म्हणजे तीन वर्षांचा 36 कोटी, आणि रोख आली फक्त 4 कोटी. मग ताळेबंदात ग्राहकांकडून येणं किती आहे ते बघा. ते 20 कोटींवरून 50 कोटींवर गेलेलं दिसेल. माल विकला गेला, नफा लिहिला गेला, पैसे आलेच नाहीत. एखाद्या वर्षी असं होऊ शकतं, सरकारी कंत्राटांवर चालणाऱ्या कंपनीत तर नेहमीचंच. पण विक्री 15 टक्क्यांनी वाढते आणि येणं दीडपटीने, असं सलग तीन वर्षं चाललं असेल तर तो नफा मी खरा धरत नाही.

दुसरी गोष्ट एक्स्चेंजच्या साइटवर, दर तिमाहीच्या भागधारणेच्या तक्त्यात. प्रवर्तकांच्या शेअरपैकी किती गहाण आहेत, हा रकाना तिथे असतो. गहाण शेअरवर कर्ज काढलेलं असतं, भाव पडला की सावकार जास्त तारण मागतो, ते मिळालं नाही की शेअर बाजारात विकतो, त्याने भाव आणखी पडतो. तुमच्या चौथ्या कंपनीचा हा तक्ताही बघून ठेवा, रोजच्या लोअर सर्किटचं कारण बऱ्याचदा तिथेच सापडतं.

तिसऱ्या कंपनीत रोख येते आहे आणि गहाण नाही, असं निघालं तर ठेवा, आणखी पैसे न घालता. यातलं एक जरी बिघडलेलं असेल तर ती अजून विकली जाते आहे तोवर विका, चौथीसारखी रांगेत उभं राहायची वेळ येण्याआधी.